मा., मे., ना. आणि न्यायमूर्ती : अर्जात व भाषणात मान्यवरांना संबोधण्याची नेमकी रीत

न्यायालयातला अर्ज, मंत्र्यांना द्यायचं निवेदन आणि व्यासपीठावरचं भाषण या तिन्ही ठिकाणी संबोधनाच्या चुका होतात, आणि बहुतेक चुका आदर कमी पडल्यामुळे होत नाहीत. आदर एकावर एक रचल्यामुळे होतात. ‘मा. आदरणीय नामदार श्री. अबकजी साहेब’ असं लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात पद नाही, खातं नाही, आणि एकच मान चार वेळा दिलाय. वाचणारा स्वीय सहायक हा कागद कुठल्या विभागाकडे धाडायचा ते या ओळीतून ठरवू शकत नाही.

पुढचे सगळे टप्पे एका सूत्रावर उभे आहेत. माणूस आज ज्या पदामुळे समोर आहे ते पद अचूक लिहायचं आणि आदरसूचक शब्द एकदाच वापरायचा. खालची उदाहरणं महाराष्ट्रातल्या वापराची आहेत.

## टप्पा १ : आधी पद पक्कं करा, नाव नंतर

लिहायला बसण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी मांडा : आजचं पद, त्या पदाचं पूर्ण अधिकृत नाव, आणि व्यक्तीचं नाव ती स्वतः जसं लिहिते तसं. आद्याक्षरांचा क्रम, आडनावाचं शुद्धलेखन, मध्ये वडिलांचं नाव येतं की नाही, हे त्या कार्यालयात फोन करून विचारता येतं. असा फोन कुणालाही खटकत नाही.

सर्वाधिक गोंधळ न्यायव्यवस्थेतल्या पदांचा होतो.

न्यायमूर्ती हा शब्द उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांसाठी आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतले न्यायाधीश : प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, अतिरिक्त सत्र न्यायाधीश, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. फौजदारी बाजूला न्यायदंडाधिकारी. तालुक्याच्या न्यायाधीशांना पत्रिकेत ‘न्यायमूर्ती’ म्हटलं की मान वाढत नाही. शेजारी खरे न्यायमूर्ती बसलेले असतील तर दोघांचीही अडचण होते.

उच्च न्यायालयाचे प्रमुख ते मुख्य न्यायमूर्ती, आणि सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख ते भारताचे सरन्यायाधीश. वर्तमानपत्रं जागा वाचवायला दोन्ही स्तरांसाठी ‘न्या.’ लिहितात. बातमीत ते चालतं. निमंत्रणपत्रिकेत आणि सूत्रसंचालनाच्या कागदावर ‘न्या.’ टाळा, कारण वाचणाऱ्याला ते न्यायाधीश म्हणायचं की न्यायमूर्ती, हे ऐन वेळी कळत नाही.

तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. त्यांच्यापुढे चालणाऱ्या प्रकरणातही त्यांना ‘न्यायाधीश’ लिहू नका.

मंत्र्यांच्या बाबतीत एकच शब्द घात करतो, तो म्हणजे राज्यमंत्री. ‘राज्याचे महसूल मंत्री’ म्हणजे महाराष्ट्राचे कॅबिनेट मंत्री. ‘महसूल राज्यमंत्री’ म्हणजे त्याच खात्याचे, पण दर्जाने खालचे मंत्री. ‘राज्याचे मंत्री’ची गडबडीत ‘राज्यमंत्री’ असा समास केला की कॅबिनेट मंत्र्यांचा दर्जा तुम्ही परस्पर कमी केलेला असतो. ही चूक कोनशिलेवर कोरली गेली तर दगड बदलावा लागतो.

सभागृहांच्या प्रमुखांचंही असंच. विधानसभेचे अध्यक्ष, विधानपरिषदेचे सभापती. लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे सभापती. खाली जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

> तपासा : खातेवाटप बदललंय का? जुन्या निवेदनाचा मजकूर उचलून नवीन नाव टाकलं जातं आणि खात्याचं नाव जुनंच राहतं. निवेदन देण्याच्या आदल्या दिवशी एकदा खात्री करा.

## टप्पा २ : उपाधींचा क्रम लावा

क्रम असा ठेवा : आदरसूचक, मग पदनिदर्शक, मग श्री./श्रीमती किंवा डॉ., मग नाव. म्हणून ‘मा. न्यायमूर्ती श्री. अबक’, ‘मा. ना. श्रीमती कखग’, ‘मा. खा. डॉ. टठड’.

ना. म्हणजे नामदार. ते मंत्र्यांसाठी रूढ आहे, मग ते कॅबिनेट मंत्री असोत वा राज्यमंत्री. आ. आमदार आणि खा. खासदार. मंत्री हे आमदारही असतात, पण ‘ना.’ आलं की ‘आ.’ लिहायचं नाही. पद गेलं की ‘ना.’ही जातं : ‘माजी मंत्री श्री. अबक’. ‘माजी मंत्री ना. अबक’ हे स्वतःलाच खोडणारं वाक्य आहे.

न्यायमूर्तींच्या बाबतीत ‘माजी’ आणि ‘निवृत्त’ यांत फरक करा. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेले ते ‘न्यायमूर्ती (निवृत्त) श्री. अबक’. मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर ‘माजी न्यायमूर्ती’. ‘माजी’ हा शब्द मंत्री, आमदार, अध्यक्ष अशा पदांना सहज शोभतो. निवृत्त न्यायमूर्तींना तो लावला की ते पद सोडून गेले असा अर्थ निघतो.

‘डॉ.’ आलं की ‘श्री.’ गळतं. न्यायाधीश झालेल्या व्यक्तीच्या नावाआधी ‘ॲड.’ राहत नाही. महाविद्यालयापासूनची ओळख असली तरी नाही.

महिलांच्या नावाआधी ‘सौ.’ टाळून ‘श्रीमती’ लिहावं. ‘सौ.’ हा शब्द वैवाहिक स्थिती सांगतो, आणि न्यायाधीशांच्या किंवा मंत्र्यांच्या पदाशी तिचा संबंध नाही. ‘श्रीमती’ म्हणजे विधवा, असा समज काही घरांत अजून आहे, पण शासकीय वापरात हा शब्द सर्व स्त्रियांसाठी आहे. शंका असेल तर त्यांच्या कार्यालयाच्या पत्रावर काय छापलंय ते पाहा आणि तसंच लिहा. पदनाम मात्र बदलू नका. ‘न्यायमूर्ती’ आणि ‘राष्ट्रपती’ या शब्दांना स्त्रीलिंगी रूप जोडायचं नसतं. फरक पडतो तो महोदय आणि महोदया एवढाच.

आता दोन उपाधी अशा, ज्या काढूनच टाकायच्या.

पहिली ‘महामहिम’. राष्ट्रपती भवनाने २०१२ साली देशांतर्गत वापरातून हा शब्द बाजूला केला. तेव्हापासून ‘मा. राष्ट्रपती’, ‘राष्ट्रपती महोदया’, ‘मा. राज्यपाल’, ‘राज्यपाल महोदय’ हीच योग्य रूपं आहेत. तरी दीक्षान्त समारंभांच्या सूत्रसंचालनात ‘महामहिम राज्यपाल’ अजून ऐकू येतं, कारण जुनी संहिता पुढच्या वर्षी तशीच वापरली जाते.

दुसरी पद्म सन्मानांची. ‘पद्मश्री अबक’ असं नावाला चिकटवून छापणं चूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. पद्म सन्मान हे किताब नाहीत आणि नावाच्या मागे-पुढे ते लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं. परिचय करून देताना ‘त्यांना अमुक साली पद्मश्री मिळाली’ असं वाक्य जरूर म्हणा. संबोधनात मात्र नाही.

> इशारा : ‘मा.’, ‘आदरणीय’, ‘सन्माननीय’, ‘परमपूज्य’ यांतला एकच शब्द एका नावाला. आणि नावामागे ‘जी’ लावू नका. मराठीत ‘यांना’, ‘यांचे’, ‘आपण’ आणि अनेकवचनी क्रियापद यांतूनच आदर पूर्ण होतो.

## टप्पा ३ : न्यायालयातला अर्ज – व्यक्तीला नव्हे, न्यायालयाला

निवेदन लिहिण्याची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. अर्जाची सुरुवात तो ‘प्रति, मा. न्यायाधीश श्री. अबक साहेब, सप्रेम नमस्कार’ अशी करतो. न्यायालयातल्या अर्जात न्यायाधीशांचं नाव येत नाही. उद्या त्यांची बदली झाली तरी अर्ज त्याच न्यायालयापुढे असतो. म्हणून मथळ्यात न्यायालयाचं नाव, त्याखाली दाव्याचा क्रमांक आणि पक्षकार. कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. ती दाखल करायला मुदत मागणाऱ्या प्रतिवादीचा अर्ज असा दिसेल :

> मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, (ठिकाण) यांचे न्यायालयात
>
> नियमित दिवाणी दावा क्र. … / …
>
> अबक … वादी
>
> विरुद्ध
>
> कखग … प्रतिवादी
>
> प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज
>
> प्रतिवादीतर्फे विनंतीपूर्वक अर्ज सादर की,
>
> १. … (कारण)
>
> २. … (कधीपर्यंत मुदत हवी)
>
> तरी मे. न्यायालयाने प्रतिवादीस कैफियत दाखल करण्यासाठी मुदत द्यावी, ही विनंती.
>
> येणेप्रमाणे अर्ज असे.
>
> ठिकाण, दिनांक, प्रतिवादीची सही, प्रतिवादीतर्फे वकिलांची सही

यात मे. म्हणजे मेहेरबान. जुन्या दरबारी भाषेतला हा शब्द जिल्हा आणि तालुका न्यायालयांत टिकून आहे. हेच ‘मे.’ व्यापारी संस्थेच्या नावाआधी ‘मेसर्स’ म्हणून येतं. दाव्यात एखादी भागीदारी पेढी प्रतिवादी असेल तर एकाच पानावर दोन्ही ‘मे.’ दिसतात. म्हणून ‘मे. न्यायालय’ हा शब्दप्रयोग अर्जभर पूर्ण ठेवा, नुसतं ‘मे.’ कुठेही लोंबकळत सोडू नका. ‘मे.’ ऐवजी ‘मा. न्यायालय’ लिहिलं तरी चालतं. एका अर्जात एकच पद्धत ठेवावी.

क्रियापदाकडेही पाहा. न्यायालय नपुंसकलिंगी एकवचनी : ‘मे. न्यायालयाने आदेश करावा’. ‘आपण आदेश करावा’ किंवा ‘साहेबांनी कृपा करावी’ असं लिहिलं की अर्ज व्यक्तीकडे वळतो. मध्येच ‘आपण’ आणि मध्येच ‘मे. न्यायालय’ ही खिचडी तर फार आढळते. लिहून झाल्यावर ‘आपण’, ‘आपल्या’, ‘साहेब’ हे तीन शब्द शोधा आणि काढा.

शेवटी ‘आपला विश्वासू’ नको, ‘कळावे, लोभ असावा’ नको, आणि न्यायाधीशांच्या न्यायबुद्धीची स्तुती तर मुळीच नको. ‘मे. न्यायालयाच्या न्यायप्रियतेवर माझा पूर्ण विश्वास आहे’ या वाक्याने अर्जातलं एकही कारण बळकट होत नाही.

> इशारा : प्रलंबित प्रकरणाबद्दल न्यायाधीशांना नावाने स्वतंत्र पत्र पाठवू नका. संबोधन कितीही निर्दोष असलं तरी ते गैर आहे. म्हणणं मांडायची जागा अर्जात आणि सुनावणीत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा तिथल्या याचिकेचा मथळा वकीलच ठरवतील. हा टप्पा खालच्या न्यायालयांसाठी आहे.

## टप्पा ४ : न्यायालयात तोंडी बोलताना

कागदावरचं संक्षिप्त रूप तोंडी तसंच म्हणायचं नसतं. ‘मे. न्यायालय’ हे ‘मेहेरबान न्यायालय’ किंवा ‘माननीय न्यायालय’ असं पूर्ण उच्चारा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ साली वकिलांसाठी नियम केला : सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, आणि कनिष्ठ न्यायालयांत व न्यायाधिकरणांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तोच अर्थ देणारा शब्द. ‘माय लॉर्ड’ हा वसाहतकाळाचा अवशेष आहे, असंही त्या नियमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘माय लॉर्ड’ म्हणणं बंधनकारक नाही, संबोधन आदरपूर्वक असलं म्हणजे झालं. तरीही वरच्या न्यायालयांत ‘माय लॉर्ड’ रोज ऐकू येतं, आणि २०२१ साली तत्कालीन सरन्यायाधीशांनी ‘युअर ऑनर’ या शब्दालाच हरकत घेतली होती.

स्वतः हजर झालेल्या पक्षकाराने या वादात पडू नये. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात ‘साहेब’, ‘सर’, ‘मॅडम’ पुरतं. न्यायालयाचा उल्लेख करायचा तिथे ‘माननीय न्यायालय’ म्हणा. उभं राहा, संबोधन एकदा करा आणि मुद्द्यावर या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘साहेब’ आलं की बोलणं तुटतं आणि टंकलेखकालाही ते गाळत बसावं लागतं.

## टप्पा ५ : मंत्र्यांना निवेदन

इथे उलट आहे. निवेदन व्यक्तीला आणि पदाला, दोघांना असतं.

> प्रति,
> मा. ना. श्री. अबक,
> मंत्री, ग्रामविकास,
> महाराष्ट्र राज्य,
> मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२
>
> विषय : …
>
> संदर्भ : …
>
> मा. महोदय,
>
> उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, …

पालकमंत्री आणि खात्याचे मंत्री एकच असतील तर प्रश्न कशाबद्दल आहे ते पाहून पद निवडा. जिल्हा नियोजनाच्या निधीची मागणी ‘पालकमंत्री, … जिल्हा’ म्हणून करा. खात्याच्या धोरणाबद्दलचं म्हणणं ‘मंत्री, …’ म्हणून मांडा. दोन्ही पदं लिहिली तर कागद कुठल्या फाइलीत जावा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मजकुरात ‘आपण’ चालतं. ‘महोदय’ सुरुवातीला एकदा आणि गरजच पडली तर विनंतीच्या वाक्यात एकदा. लाडकी नावं, म्हणजे भाऊ, दादा, ताई, साहेब, निवेदनात नकोत. सभेत लोक त्या नावाने हाक मारत असले तरी निवेदन नस्तीत राहतं आणि ते पुढे वेगळेच अधिकारी वाचतात.

‘प्रत माहितीसाठी’च्या यादीत सगळ्यांना समान काटेकोरपणा लावा. मंत्र्यांना ‘मा. ना. श्री.’ आणि जिल्हाधिकाऱ्यांना नुसतं ‘कलेक्टर’ असं दिसलं की यादी घाईत केल्याचं कळतं. ‘मा. जिल्हाधिकारी, … जिल्हा’ एवढं पुरे. तिथे नावाची गरज नाही.

## टप्पा ६ : भाषणातलं संबोधन – एक कार्यक्रम सोडवून पाहू

तालुका न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. व्यासपीठावर पाच जण : उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, जे या जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती आहेत आणि समारंभाचे अध्यक्षही, राज्याचे कॅबिनेट मंत्री, जे जिल्ह्याचे पालकमंत्री आणि प्रमुख पाहुणे आहेत, प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, स्थानिक आमदार, तालुका वकील संघाचे अध्यक्ष.

पहिला पेच : आधी कोण, न्यायमूर्ती की मंत्री? केंद्राच्या अग्रक्रम सूचीत राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात १५व्या स्थानी आहेत आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आपल्या अधिकारक्षेत्रात १७व्या. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मात्र १४व्या. नुसती सूची पाहिली तर मंत्री आधी. पण ती सूची शासकीय समारंभांसाठी आहे. आपल्याकडच्या सभेचा संकेत वेगळा : सभेचा अध्यक्ष पहिला, मग प्रमुख पाहुणे, मग उरलेले. या कार्यक्रमात न्यायमूर्ती अध्यक्ष आहेत, म्हणून संबोधनात ते पहिले. अध्यक्षांनंतर उरलेल्यांचा क्रम लावताना अग्रक्रम उपयोगी पडतो. शासकीय समारंभ असेल तर हा क्रम जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लिहूनच घ्यावा.

दुसरा पेच : ‘पालक न्यायमूर्ती’ आणि ‘पालकमंत्री’ पाठोपाठ येतात आणि जीभ घसरते. कागदावर दोन्ही वेगवेगळ्या ओळींत, मोठ्या अक्षरांत लिहा.

तिसरा पेच ‘अध्यक्ष’ या शब्दाचा. वकील संघाचे अध्यक्षही अध्यक्षच. म्हणून त्यांचा उल्लेख करताना संस्थेचं नाव आधी.

तयार झालेलं संबोधन :

> आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि आपल्या जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती माननीय श्री. अबक;
>
> प्रमुख पाहुणे, राज्याचे … मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री माननीय श्री. कखग;
>
> प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश माननीय श्रीमती टठड;
>
> आमदार माननीय श्री. तथद;
>
> तालुका वकील संघाचे अध्यक्ष ॲडव्होकेट पफब;
>
> उपस्थित न्यायिक अधिकारी, वकील बंधू-भगिनी आणि नागरिकहो…

हे संथपणे म्हणायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, आणि तेवढंच ठेवावं. पाचापेक्षा जास्त नावं असतील तर पुढच्यांना ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’मध्ये घ्या. मात्र सहावं नाव घेतलं की सातवं सोडता येत नाही. सुटलेला माणूस समोरच बसलेला असतो.

इथे ‘ना.’ आणि ‘आ.’ गाळलेत, कारण पद शब्दांत आलंच आहे. संक्षेप ऐकणाऱ्यासाठी नसतात. ‘मा. ना.’ कागदावर तसंच ठेवलं तर घाईत ‘माना’ असं वाचलं जातं, आणि ते ध्वनिक्षेपकावरून सगळ्या मांडवाला ऐकू जातं. भाषणाच्या कागदावर एकही संक्षिप्त रूप नको : ‘माननीय’, ‘डॉक्टर’, ‘ॲडव्होकेट’ हे सगळं सोडवून लिहा.

भाषण सुरू झाल्यावर पुन्हा थेट हाक मारायची तर ‘अध्यक्ष महोदय’ एवढंच. मंत्र्यांकडे काही मागणी मांडायची असेल तर ‘मंत्री महोदय’. पूर्ण नामावळी पुन्हा नको. आणि तुमच्या आधीच्या तीन वक्त्यांनी सगळी नावं घेतली असतील तर ‘माननीय अध्यक्ष, माननीय पालकमंत्री, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि उपस्थित बंधू-भगिनींनो’ यात कुणाचाही अवमान होत नाही.

> तपासा, माइकसमोर जाण्याआधी : कोण आलेलं नाही? कोण उशिरा येऊन नव्याने बसलंय? पाहुणे न येता प्रतिनिधी आले असतील तर पाहुण्यांचं नाव खोडा आणि प्रतिनिधींना त्यांच्या स्वतःच्या पदाने संबोधा. मंत्र्यांच्या वतीने आलेल्या अधिकाऱ्यांना ‘नामदार’ म्हणता येत नाही.

## चूक झालीच तर

भाषणात पद चुकलं आणि लगेच लक्षात आलं, तर ‘क्षमस्व, प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश माननीय श्रीमती टठड’ असं पूर्ण, बरोबर रूप एकदा म्हणा आणि पुढे जा. खुलासा लांबवला की चूक न ऐकलेल्यांनाही ती कळते. नाव सुटलं असेल तर मध्येच न थांबता, त्यांच्याशी संबंधित मुद्दा येईल तिथे नाव घ्या, आणि तसा मुद्दा नसेल तर आभाराच्या वाक्यात घ्या.

निवेदन दिल्यावर पद चुकल्याचं कळलं तर दुरुस्त प्रत त्याच दिनांकाने गुपचूप बदलून देऊ नका. आवक क्रमांक आधीच्या कागदाला पडलेला असतो. नवीन प्रतीवर संदर्भात तो क्रमांक आणि दिनांक लिहून ‘पदनामातील दुरुस्तीसह’ अशी नोंद करा. न्यायालयातल्या अर्जाच्या मथळ्यात न्यायालयाचं नावच चुकलं असेल तर अर्ज दाखल होण्याआधी सहायक अधीक्षकांच्या टेबलावरच ते सापडायला हवं. म्हणून दाखल करताना मथळा दाव्याच्या मूळ कागदाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा : ‘कनिष्ठ स्तर’ की ‘वरिष्ठ स्तर’, ‘दिवाणी न्यायाधीश’ की ‘सह दिवाणी न्यायाधीश’.